झाकणावरची पाटी कोणासाठी?

एप्रिल 2024 मध्ये विरार पश्चिमेतील एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात चार कामगार गुदमरून मरण पावले. चौघेही ऐन तारुण्यातले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर नुकसानभरपाईची आणि गुन्हा दाखल करण्याची चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. आज मात्र आम्ही एका वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे अशा टाक्यांच्या झाकणापाशी लावली जाणारी पाटी.

इंग्रजीत या पाटीचा एक ठरलेला साचा आहे. त्याचे शब्दाला शब्द ठेवून मराठी केले की असे होते : ‘धोका! मर्यादित जागा. केवळ प्राधिकृत व्यक्तींनाच प्रवेश.’ व्याकरणाची चूक काढता येणार नाही, पण ही पाटी माणूस वाचवू शकत नाही.

‘मर्यादित जागा’ म्हटले की आपल्या माणसाला वसतिगृहाचा प्रवेश किंवा नोकरभरती आठवते. ‘बंदिस्त जागा’ केले तरी जागा कशी आहे एवढेच कळते, आत मारणारे काय आहे ते कळत नाही. ‘प्राधिकृत’ हा शब्द तर उलटाच काम करतो. ज्याला मुकादमाने ‘उतर’ म्हणून सांगितले, तो स्वतःला प्राधिकृतच समजणार! म्हणजे जिला कामगाराला थांबवायचे आहे, तीच पाटी त्याला परवाना देते.

पाटी लिहिण्यापूर्वी माणूस मरतो कसा हे समजून घ्यावे लागते. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असे समजून माणूस उतरतो आणि क्षणात कोसळतो. काही टाक्यांत वास नसतो, पण प्राणवायूच अपुरा असतो. म्हणून ‘वास आल्यास उतरू नये’ अशी पाटी जीवघेणी ठरेल.

दुसरी गोष्ट अधिक हृदयद्रावक आहे. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्यामागे तिसरा. अशा घटनांत एकाच टाकीत तीन-चार मृतदेह सापडतात ते यामुळे. म्हणून पाटीने पहिल्या माणसाइतकेच काठावर उभ्या असलेल्या त्याच्या सोबत्याशी बोलले पाहिजे.

आमच्या मते पाटी अशी हवी :

आत विषारी गॅस. उतरू नका.
कोणी आत पडले तरी उतरू नका.
101 ला फोन करा.

अवघे पंधरा शब्द. ‘वायू’ऐवजी ‘गॅस’, कारण बोलण्यात तोच शब्द आहे. ‘उतरू नये’ यात सूचनेचा थंडपणा आहे, ‘सक्त मनाई’ यात दंडाची धमकी आहे आणि ‘कृपया’ने धोका सौम्य होतो. ‘उतरू नका’ यात मान आहे आणि हुकूमही आहे. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. सोबती डोळ्यांदेखत तडफडत असताना नुसते ‘उतरू नका’ कोणी ऐकणार नाही. त्याच्या हाताला दुसरे काम द्यावे लागते. 101 हा अग्निशमन दलाचा क्रमांक आहे.

वसईच्या किनारपट्टीवर वाडवळी आणि कादोडी बोलली जाते, पूर्वेच्या पाड्यांवर वारली, तर नालासोपाऱ्याच्या चाळींत उत्तरेकडून आलेला कामगार राहतो. म्हणून मराठीखाली तेवढ्याच छोट्या वाक्यांत हिंदी हवी, आणि वाचता न येणाऱ्यासाठी कवटीचे चित्र. पाटी सोसायटीच्या फाटकावर नको. झाकण उघडणाऱ्याच्या नजरेसमोर हवी. ती जमली की नाही हे अधिकाऱ्याला विचारू नका. कामगाराला वाचायला सांगा आणि विचारा, ‘तुमचा सोबती आत पडला तर काय कराल?’ त्याने लगेच ‘फोन करीन’ म्हटले तरच पाटी पास!

एक इशारा मात्र देणे भाग आहे. पाटी लावली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी 30 लाख रुपयांची भरपाई ठरवली. ‘आम्ही पाटी लावली होती’ ही पळवाट होऊ देता कामा नये.

पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्त्यांतली माणसे या टाक्यांत उतरवली गेली, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पाटी लिहिणारा कधी टाकीत उतरत नाही आणि उतरणाऱ्याला पाटी लिहिताना कोणी विचारत नाही. वसई-विरार महानगरपालिकेने पुढची पाटी रंगवण्यापूर्वी आपल्या सफाई कामगारांना समोर बसवून ती वाचून घ्यावी, ही आमची मागणी आहे.