उत्तर १२०° बरोबर, पण कारण?

दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणातला एक साधा प्रश्न घ्या. O हे वर्तुळकेंद्र. A आणि C हे वर्तुळावरचे बिंदू असून ∠AOC = 120° आहे. B मोठ्या कंसावर, तर D लहान कंसावर. ∠ABC आणि ∠ADC काढा, कारणे द्या.

∠ABC केंद्रातल्या कोनाच्या निम्मा, म्हणजे 60°. ABCD चक्रीय चौकोन आहे, त्याच्या संमुख कोनांची बेरीज 180°, म्हणून ∠ADC = 120°. घरी मुलांची वही तपासताना आपण 120° दिसलं की टिकमार्क करून मोकळे होतो. पण समोरचं कारणही वाचा.

समजा एकीनं लिहिलं, "∠ADC = 120°, कारण एकाच कंसातले कोन समान असतात." म्हणजे तिनं ∠AOC आणि ∠ADC यांना एकाच कंसातले कोन मानलं. पण ते प्रमेय अंतर्लिखित कोनांचं आहे. त्यांचे शिरोबिंदू वर्तुळावर हवेत, O तर केंद्रात आहे. मग उत्तर बरोबर कसं आलं? निव्वळ 120 या आकड्यामुळे! 120 चे निम्मे 60, आणि 180 मधून 60 गेले की पुन्हा 120. खात्री करायची तर आकडा बदलून बघा. ∠AOC = 100° घेतला तर ∠ABC = 50° आणि ∠ADC = 130° येतो. या मुलीच्या कारणानं मात्र 100° येईल. (असा प्रश्न काढणाऱ्यानंही 120 टाळायलाच हवा होता.)

दुसऱ्यानं लिहिलं, "180 − 60 = 120, अंतर्लिखित कोनाचे प्रमेय." याची वजाबाकी चक्रीय चौकोनाचीच आहे, प्रमेयाचं नाव तेवढं चुकलं. आकडा बदलला तरी याचं उत्तर बरोबरच येईल.

तिसऱ्याचंही कारण तेच, अंतर्लिखित कोनाचे प्रमेय. पण त्यानं आधी लिहिलंय: मोठा कंस 360 − 120 = 240°, त्याचे निम्मे 120°. हे पूर्ण बरोबर आहे. ∠ADC मोठ्या कंसालाच अंतर्खंडित करतो. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात चक्रीय चौकोन छापलंय म्हणून याचा गुण कापणं हा अन्याय आहे.

∠ADC ला दोन गुण असतील, एक मापाला आणि एक कारणाला, तर मी तिसऱ्याला दोन्ही देईन. दुसऱ्याला दीड, आणि चुकलेल्या नावाखाली रेघ. पहिलीला मापाचा एक द्यावा लागतो, कारण मापाला वेगळा गुण ठेवलाय, पण कारणाचा शून्य. शिवाय तिच्या वहीत समासात लिहीन: "∠AOC = 100° घेऊन पुन्हा सोडव."

नुसतं "वर्तुळाचे प्रमेय" लिहिणाऱ्यांना कारणाचा गुण नाही. कोणतं प्रमेय, तेच तर विचारलंय!