'आफ्टर'च्या स्लाइडवरचे ४० टक्के आले कुठून?

कॅम्पस ड्राइव्हचा हंगाम आला की फ्रेशर्सच्या मोबाइलवर रेझ्युमे टिप्सच्या स्लाइड्स फिरू लागतात. डावीकडे सरकवली की 'बिफोर', पुन्हा सरकवली की 'आफ्टर'. कमकुवत ओळ कोणती, हे या स्लाइड्स बहुतेक वेळा बरोबर दाखवतात. घोळ होतो तो दुसऱ्या स्लाइडवर. तिथली ओळ भारदस्त असते, पण ती कोणाचीच नसते.

नांदेड-लातूरकडच्या मुलांच्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात शेवटच्या वर्षाला पाणी वाचवण्याचा प्रोजेक्ट घेतला जाणे साहजिक आहे. रेझ्युमे इंग्रजीत असतो, पण ओळींचा अर्थ मराठीतच पाहू.

बिफोर : 'स्मार्ट ठिबक सिंचन या प्रोजेक्टवर काम केले.'

आफ्टर : 'स्मार्ट ठिबक सिंचन प्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व केले, पाण्याचा वापर ४० टक्क्यांनी घटवला.'

पहिली ओळ काहीच सांगत नाही, हे खरे. दुसरी मात्र मुलाखतीत दोन प्रश्नांत कोसळते.

पहिला प्रश्न : नेतृत्व कोणी केले?

प्रोजेक्ट चौघांचा असतो आणि ड्राइव्हला चौघेही बसतात. एकाच टेबलावर एकाच प्रोजेक्टचे चार रेझ्युमे आले आणि चारही जण नेते निघाले, तर समोरचा चौघांवरही विश्वास ठेवत नाही. म्हणून क्रियापद आपल्या वाट्याच्या कामाचे हवे. सेन्सर जोडला, कोड लिहिला, मोटरची रिले बसवली, नोंदी ठेवल्या. यांपैकी जे केले तेच लिहावे.

दुसरा प्रश्न : ४० टक्के कशाच्या?

टक्केवारी म्हणजे तुलना. आधी किती पाणी लागत होते आणि ते कसे मोजले, हे सांगता आले नाही तर आकड्याला अर्थ नाही. मोजणे मात्र अवघड नाही. समजा, शेजारी-शेजारी दोन वाफे घेतले आणि प्रत्येकी तासाला ४ लिटरचे २० ड्रिपर बसवले. म्हणजे एका वाफ्याला तासाला ८० लिटर पाणी. पहिला वाफा टायमरवर रोज एक तास चालला, तर ७ दिवसांत ५६० लिटर. सेन्सरवरचा दुसरा वाफा त्याच ७ दिवसांत एकूण सव्वापाच तास चालला, तर ४२० लिटर. बचत १४० लिटर, म्हणजे २५ टक्के. ड्रिपरवर लिहिलेला आणि प्रत्यक्षातला प्रवाह सारखाच असेल असे नाही. त्यामुळे दोन-चार ड्रिपरखाली मापाचे भांडे ठेवून तो तपासून घ्यावा.

आता ओळ अशी होते : 'चौघांच्या गटात सेन्सर व कोडची जबाबदारी, दोन वाफ्यांवरील ७ दिवसांच्या तुलनेत पाणी ५६० वरून ४२० लिटरवर.' आकडा ४० वरून २५ वर आला, पण ही ओळ प्रश्न झेलते. सात दिवस फार थोडे आहेत, पिकाच्या उत्पादनावर काय परिणाम झाला हे यातून कळत नाही, ही मर्यादाही उमेदवाराला ठाऊक असते. विचारल्यावर ती सांगणे हे तयारीचेच लक्षण आहे.

मोजलेच नसेल तर?

तर टक्केवारी लिहू नये. अडचण आणि तिच्यावर काढलेला तोडगा लिहावा. आपल्याकडची काळी माती वाळली की भेगाळते. सेन्सर भेगेत आला की त्याचा मातीशी स्पर्श सुटतो, आसपास ओल असली तरी तो 'कोरडे' सांगतो आणि मोटर चालूच राहते. ज्याने प्रोजेक्ट खरोखर शेतात लावला, त्यालाच हे दिसते. 'भेगांमुळे येणारे चुकीचे रीडिंग टाळण्यासाठी दोन सेन्सर बसवले. दोन्ही कोरडे दाखवतील तरच मोटर सुरू होईल असा कोड लिहिला.' या ओळीत एकही टक्का नाही, तरी मुलाखत घेणारा इथेच थांबून पुढचा प्रश्न विचारेल. एक सेन्सर बंद पडून कायम 'ओले' दाखवू लागला तर? मग मोटर सुरूच होणार नाही. याचा विचार आधीच केला असेल, तर उत्तर तयार असते.

माझ्या मते या स्लाइड्समध्ये 'बिफोर' आणि 'आफ्टर'च्या मधे आणखी एक स्लाइड हवी. तिच्यावर तीनच प्रश्न असावेत : तुझा वाटा कोणता, काय मोजलेस, काय अडले? त्यांची उत्तरे लिहिली की 'आफ्टर' आपोआप तयार होते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. उत्तरच नसेल, तर शब्द बदलण्यात वेळ घालवू नये. प्रोजेक्ट अजून लॅबमध्ये पडून असेल, तर आठवडाभर तो चालवून नोंदी घ्याव्यात.