पहिला ट्रोपोनिन नॉर्मल आला, तरी पेशंटला घरी नेऊ नका

"रिपोर्ट नॉर्मल आलाय ना डॉक्टर? मग पुन्हा तीच टेस्ट कशाला? बिल वाढवायला?" छातीत दुखणाऱ्या पेशंटचे नातेवाईक हे मला अनेकदा ऐकवतात. राग समजतो, पण या एका बाबतीत तुमचं चुकतंय.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. रक्तपुरवठा तुटून स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपू लागतं. झिरपायला वेळ लागतो. साध्या टेस्टला ते दिसायला साधारण तीन ते सहा तास लागतात. हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टला लवकर दिसतं, तरी दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर तिलाही चकवा बसू शकतो.

माझ्याकडे आलेले बावन्न वर्षांचे एक गृहस्थ. रात्री साडेनऊला दुखू लागलं, सव्वादहाला जवळच्या दवाखान्यात रक्त घेतलं. ट्रोपोनिन ९, रिपोर्टवर मर्यादा १४. ईसीजीही साधारण ठीक. "ॲसिडिटी आहे" म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं. गोळीने बरंही वाटलं. (ॲसिडिटीच्या औषधाने दुखणं थांबलं, म्हणून हृदय ठीक आहे असं ठरत नाही.) पहाटे पुन्हा दुखलं, तेव्हा माझ्याकडे आणलं. ट्रोपोनिन ६१, आणि ईसीजीही बदललेला. हार्ट अटॅकच होता. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता, फक्त पाऊण तासाचा होता.

म्हणून आम्ही आकड्याइतकाच त्यातला फरक बघतो. हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्ट असेल तर एक ते तीन तासांनी, साधी असेल तर सुमारे सहा तासांनी पुन्हा रक्त घेतात. आकडा चढत असेल तर इजा ताजी आहे. किडनीच्या जुन्या आजारात तो वाढलेला असतो, पण बहुधा तिथेच राहतो. त्यामुळे एकच वाढलेला आकडा पाहून "अटॅक आला" म्हणून रडारड करणंही तितकंच घाईचं. फुफ्फुसात गुठळी, हृदयाला सूज, गंभीर जंतुसंसर्ग यांतही तो वाढतो.

आणि ईसीजीत मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनची वाट बघायचीच नसते. तिथे "रिपोर्ट येऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्याशी, मग तो नातेवाईक असो की डॉक्टर, मी भांडतो.

खर्चाबद्दल भांडायचंच असेल, तर 'कार्डिॲक पॅनेल'बद्दल भांडा. ट्रोपोनिनसोबत सीके-एमबी, एलडीएच, एसजीओटी असं सगळं लावून दिलेलं असतं. सीके-एमबी हातापायाच्या स्नायूंना मार लागला तरी वाढू शकतं, बाकीची दोन तर लिव्हरच्या आजारातही वाढतात. ट्रोपोनिन हाताशी असताना निदानासाठी त्यांची सहसा गरज नसते. ती कशासाठी, हे जरूर विचारा. पण दुसऱ्या ट्रोपोनिनसाठी नर्स सुई घेऊन आली, की तिला हात पुढे करू द्या.