खो मिळेपर्यंत बसून राहणं

खो-खोच्या मैदानावर आठ गडी पाटीवर उकिडवे बसलेले असतात आणि एकट्या नवव्याला पळण्याची मुभा असते. पळणारा गडी अगदी हाताशी आला तरी मागून हाताचा स्पर्श आणि 'खो' मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही. सातवीतल्या मुलाला हे फार जड जातं. ते नेमकं का जड जातं, याकडे क्रीडाशिक्षकाने लक्ष दिलं तर व्यक्तिगत आणि सामाजिक जबाबदारीचं प्रारूप शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही. रत्नागिरीच्या शाळांमध्ये हा खेळ मुरलेला आहेच.

हे प्रारूप डॉन हेलिसन या अमेरिकी शिक्षकाचं. 1970च्या दशकापासून पोर्टलंड आणि पुढे शिकागोत, शाळेने 'बेशिस्त' ठरवलेल्या मुलांबरोबर काम करताना ते घडत गेलं. त्यात पाच पायऱ्या आहेत: इतरांचा मान राखून स्वतःला आवरणं, मनापासून सहभागी होणं, स्वतःचं काम स्वतः ठरवणं, दुसऱ्याला मदत करत नेतृत्व करणं आणि हे सगळं मैदानाबाहेर नेणं. तासाची घडीही ठरलेली असते. आधी मुलांशी चार शब्द, मग आज कशाकडे लक्ष द्यायचं ते, मग खेळ, शेवटी गटाची बैठक आणि प्रत्येकाचं आत्मपरीक्षण.

समजा, सातवीचा चाळीस जणांचा वर्ग आणि 35 मिनिटांची तासिका आहे. सुरुवातीला शिक्षक एवढंच सांगतात, "आज बघायचंय, खो मिळण्याआधी कोण उठतं आणि उठल्यावर काय करतं." बारा-बारांचे दोन संघ सामना खेळतात. उरलेले सोळा जण चार-चारांच्या गटांत खांबावर वळण्याचा सराव करतात. प्रत्येक गटाची सूत्रं एका मुलाकडे असतात, पण पाचच मिनिटं आणि एकाच कौशल्यापुरती. मग जागा बदलतात. नेतृत्व इतकं लहान करून दिलं की ते पेलवतं, आणि कुणाला पेलवलं नाही ते शिक्षकाला लगेच दिसतं: गट थांबून भांडत बसतो, किंवा म्होरक्या एकटाच वळून दाखवत राहतो.

सामन्यात एक मुलगा तिसऱ्यांदा आधीच उठतो. पंचाने फाउल दिल्यावर तो शेजारच्याला ढकलतो. फाउल हा खेळाचा भाग आहे, ढकलणं नाही. शिक्षक ओरडत नाहीत. त्याला कडेला बसायला सांगतात, आणि परत कधी यायचं हे त्यानेच ठरवायचं असतं. येताना "आता रागावलो तर काय करीन" एवढं सांगायचं. पुन्हा तेच झालं तर तासानंतर दोघं बसून पुढच्या वेळेसाठी काहीतरी ठरवतात. या वयाची मुलं सगळ्यांसमोर मान खाली घालण्यापेक्षा भांडण पत्करतात, म्हणून हे बोलणं एकांतातच व्हायला हवं.

हेलिसनची आणखी एक युक्ती पेटीच्या भात्यासारखी आहे: मुलं एकमेकांशी नीट वागली की खेळाचा वेळ वाढतो, भांडणं झाली की आकसतो आणि बैठक लांबते. शेवटी प्रत्येक जण अंगठा वर, आडवा किंवा खाली धरून स्वतःचं मोजमाप करतो.

गाडी अडते ती बहुधा शिक्षकाच्या हातून. पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लागतो, महिनाभरात त्याचे गुण होतात आणि मग "हा पहिल्या पायरीवरचा" असा शिक्का बसतो. एकच मूल एका तासात दोन पायऱ्यांवर असू शकतं; पायरी वागण्याची असते, मुलाची नव्हे. दुसरी चूक मॉनिटरची. फळ्यावर नावं लिहिणारा मुलगा नेतृत्व शिकत नाही, शिक्षकाचा डोळा होतो. आणि मैदानाच्या फेऱ्या किंवा उठाबशा ही शिक्षा तर सोडायलाच हवी. शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम शारीरिक शिक्षेला मनाई करतं. शिवाय ज्या व्यायामाची गोडी लावायची, त्याचीच शिक्षा केली तर ती गोडी लागणार कशी?

कोकणातली खरी अडचण जून ते सप्टेंबरची. वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मैदानावर पाणी आणि शेवाळ. या दिवसांत तास 'ऑफ' जातो किंवा गणिताला दिला जातो. खरं तर बैठक आणि आत्मपरीक्षणाला मैदान लागत नाही. शाळेच्या पडवीत आठ जण बसून नुसता खो देण्या-घेण्याचा सराव करता येतो: मागून स्पर्श, मोठा आवाज, मग उठणं. उरलेल्यांपैकी एक जोडी पंच. आधी उठलेल्याने स्वतःच हात वर करायचा, पंचाने सांगायची वाट पाहायची नाही.

पाऊस सरून सामने सुरू झाले की शिक्षकांनी एका गोष्टीची नोंद ठेवावी: किती वाद त्यांच्यापर्यंत आले आणि किती मुलांनी मैदानावरच मिटवले. पाचवी पायरी मात्र त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. पुढच्याच तासाला दुसऱ्या शिक्षकांनी त्याच मुलाला छडी दाखवली, तर मैदानावरचं सगळं तिथेच राहतं. म्हणून दिवाळीनंतरच्या शिक्षकसभेत हा विषय घ्यावा आणि वर्गशिक्षकांना एकदा तरी मुलांच्या बैठकीला बसवावं.