लेन्स लावता का? मेडिकलवाल्याने विचारायचा तिसरा प्रश्न

बिलोली असो, देगलूर असो की नायगाव, मेडिकलमध्ये डोळ्यांचा ड्रॉप घ्यायला गेलेल्या माणसाला साधारण दोन प्रश्न विचारले जातात. कोणासाठी हवा आहे आणि काय होतंय? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे ‘लेन्स लावता का?’ चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावणे ही शहरातली चैन होती, तोवर हे चालून जात होते. आता कॉलेजच्या मुली, नोकरदार, लग्नापुरती रंगीत लेन्स लावणारी नवरी, सगळेच ती वापरतात. कोणी नांदेडहून आणते, कोणी मोबाइलवरून मागवते. ड्रॉपच्या खोक्यात घडी करून ठेवलेल्या इंग्रजी पत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ छापलेली असते: औषध टाकण्यापूर्वी लेन्स काढा आणि किमान पंधरा मिनिटांनी परत लावा. ही ओळ वाचणारा माणूस शंभरात एखादाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एक थेंब, दिवसातून दोनदा’ एवढेच असते.

ही ओळ कंपनीने अंग काढून घेण्यासाठी छापलेली नाही. तिचे कारण लेन्सच्या घडणीत आहे. आज बहुतेक लोक लावतात ती लेन्स मऊ असते, आणि तिच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पाणीच असते. १९६१ साली प्राग शहरात ओटो विख्तरले या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांपासून यंत्र जोडून अशा लेन्स घरीच ओतल्या होत्या, तेव्हापासून तिचे हे मूळ रूप बदललेले नाही. ही लेन्स काचेसारखी नसून स्पंजासारखी आहे. तिच्यावर जे पडेल ते ती शोषून घेते.

आता बाटलीत काय असते ते पाहू. उघडलेली बाटली महिनाभर वापरात राहते, तिचे तोंड कधी पापणीला लागते, कधी बोटाला. आत जंतू वाढू नयेत म्हणून औषधात परिरक्षक मिसळतात. सर्वात जास्त वापरला जाणारा परिरक्षक म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. प्रमाण अगदी थोडे, बहुधा १०० मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास. काम मात्र साबणासारखे. तो जंतूंचे बाहेरचे आवरण फोडतो. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरच्या, म्हणजे पारपटलावरच्या पेशींचे आवरणही जवळपास तशाच घडणीचे असते, आणि हा परिरक्षक जंतू आणि पेशी यांत भेद करत नाही. उघड्या डोळ्यात थेंब टाकला, तर तो काही मिनिटांत अश्रूंबरोबर वाहून जातो आणि सहसा फार बिघडत नाही. लेन्स डोळ्यात असेल, तर ती हे रसायन धरून ठेवते आणि पुढे तासन्‌तास पारपटलाला चिकटून हळूहळू सोडत राहते. दिवसातून चार वेळा थेंब टाकणाऱ्याच्या लेन्समध्ये ते साठतच जाते.

याची लक्षणे फसवी असतात. लेन्स लावल्यावर तासाभरात चुरचुरते, डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते, संध्याकाळपर्यंत लाली वाढते, नजर जराशी धूसर होते. माणूस समजतो की औषध लागू पडत नाही, आणि आणखी एक थेंब टाकतो. तपासणीच्या यंत्राखाली निळ्या प्रकाशात पाहिले, की पारपटलावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे खरवडलेल्या पेशी. जंतूंना आत शिरायला एवढी फट पुरते.

मग पंधराच मिनिटे का? हा आकडा हवेतून आलेला नाही. निरोगी डोळ्यात एरवी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात (एका मिलिलिटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोलिटर). बाटलीतून पडणारा थेंब त्याच्या चार ते सात पट मोठा, साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा. डोळ्यात तेवढी जागाच नसते, म्हणून निम्माशिम्मा पहिल्या काही उघडझापींतच गालावर आणि नाकात उतरतो. उरलेल्यात दर मिनिटाला सुमारे १६ टक्के अश्रू नवे येतात आणि तितकेच जुने निघून जातात. हाच हिशेब पुढे चालवला, तर पाच मिनिटांनी उरलेल्या औषधापैकी चाळीस टक्क्यांच्या वर अजून डोळ्यातच असते. दहा मिनिटांनी सतरा-अठरा टक्के, आणि पंधरा मिनिटांनी सात टक्क्यांच्या आसपास. खऱ्या डोळ्यात हे इतके आखीव घडत नाही, पण पाच मिनिटांची सवलत का पुरत नाही हे एवढ्यावरून कळते.

‘पाच मिनिटे थांबले तरी चालते’ असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. त्यांचा गोंधळ बहुधा दुसऱ्या एका सूचनेशी होतो. दोन वेगवेगळे ड्रॉप असतील, तर पहिला धुऊन जाऊ नये म्हणून दोहोंत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवायला सांगतात. ते पाच मिनिटे औषधा-औषधातले आहेत, औषध आणि लेन्समधले नाहीत. ॲलर्जीच्या काही ड्रॉपच्या पत्रकात दहा मिनिटेही लिहिलेली असतात, बहुतेकांत पंधरा. पंधरा धरले की दोन्ही सांभाळले जातात. ज्यांचे डोळे कोरडे आहेत, त्यांच्या डोळ्यात अश्रूंची ये-जा मंद असते, त्यामुळे त्यांनी याहून जास्त थांबावे. घट्ट जेल किंवा मलम असेल, तर त्यावर त्या दिवशी लेन्स नकोच. मलम रात्री झोपताना लावण्याची गोष्ट.

समजा, बिलोलीत राहून रोज एसटीने नायगावला शिकवायला जाणारी एक शिक्षिका आहे. चष्म्याचा नंबर उणे चार, लेन्स मऊ. ऊन आणि धूळ सुरू झाली की तिचे डोळे खाजतात. लाली नाही, चिकटा नाही, दुखत नाही. डॉक्टरांनी ॲलर्जीचा ड्रॉप दोनदा आणि ओलाव्याचा ड्रॉप दोनदा लिहून दिला. सकाळी सात वाजता ती साबणाने हात धुऊन, कोरडे करून ॲलर्जीचा थेंब टाकते. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरते, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात राहते. सात दहाला ओलाव्याचा थेंब. आधी पातळ, नंतर दाट. घड्याळ लावायचे ते या शेवटच्या थेंबापासून, म्हणून लेन्स सात पंचवीसला. दरम्यान अंघोळ उरकते. संध्याकाळी घरी आल्यावर आधी लेन्स निघते आणि मग दोन्ही थेंब पडतात. सकाळपर्यंत लेन्स लावायचीच नसल्याने वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही. दिवसातून दोनदा लिहिलेल्या औषधासाठी शाळेत लेन्स काढण्याची वेळ येत नाही.

औषध चार वेळा लिहिलेले असेल, तर मात्र तेवढे दिवस चष्मा लावणे हेच शहाणपणाचे. कारण दुपारी शाळेत किंवा बसस्टँडवर लेन्स काढली, तर पंधरा मिनिटे ती ठेवायची कुठे? डबी असते घरी, सोल्युशन असते घरी. मग कोणी बाटलीच्या झाकणात नळाचे पाणी घेते, कोणी फिल्टरचे. पाण्याने नुसते धुतले तर काय होते, असेही वाटते. नळाच्या, बोअरच्या आणि जारच्याही पाण्यात अकॅन्थामिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून पारपटलात शिरला, तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि दृष्टी जाऊही शकते. औषध नीट टाकण्यासाठी म्हणून काढलेली लेन्स पाण्यात ठेवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. रोज फेकायची लेन्स असेल, तर प्रश्न सोपा आहे. काढली की टाकून द्यायची, नंतर नवी.

इथवरचे सारे लागू होते ते लाल न झालेल्या डोळ्याला. डोळा लाल असेल, चिकटत असेल, तर किती मिनिटे हा प्रश्नच चुकीचा ठरतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा वेळी डोळा पूर्ण बरा होऊन डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत लेन्सला हात लावायचा नाही. आजारात वापरलेली जोडी आणि तिची डबी फेकून द्यायची, धुऊन पुन्हा वापरायची नाही. लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना, नजर उतरली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा, मग त्यासाठी नांदेडला जावे लागले तरी. काही जंतू एक-दोन दिवसांत पारपटल पोखरतात. अशा डोळ्यात शेजाऱ्याकडे उरलेला किंवा मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेला स्टिरॉइड मिसळलेला ड्रॉप टाकला, तर लाली उतरते, बरे वाटते आणि जखम आतून वाढत राहते.

नियमाला अपवाद आहेत, आणि तेही माहीत हवेत. लेन्स डोळ्यात असताना टाकता येतील असे ओलाव्याचे ड्रॉप मिळतात, पण तसे बाटलीवर लिहिलेले असते. नुसते ‘लुब्रिकंट’ लिहिले म्हणजे तो त्यातला झाला असे नाही. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांत परिरक्षक नसतो, तरी त्या लेन्सवर चालतील का हे विचारूनच ठरवावे. पारपटलाला जखम झाल्यावर डॉक्टर कधी कधी स्वतःच पट्टीसारखी लेन्स बसवतात आणि तिच्यावरूनच थेंब टाकायला सांगतात. ती रुग्णाने काढायची नसते. आणि डोळे सतत चोळण्याची सवय असलेल्या ॲलर्जीच्या मुलांत पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा आजार आढळतो. त्यांना चष्म्याने पुरेसे दिसत नाही, कडक लेन्सच लावावी लागते, आणि ॲलर्जीचा ड्रॉपही रोजचाच. ‘चार दिवस चष्मा लाव’ हे त्यांना सांगून उपयोग नाही. कडक लेन्स रसायन कमी शोषते, पण काढण्याचा आणि पंधरा मिनिटांचा नियम तिलाही तोच. अशा मुलाच्या औषधाच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळवून देणे हे डॉक्टरांचे काम आहे.

मेडिकलवाले गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ लिहून देतात, आणि लोक तेवढेच पाळतात. ड्रॉपच्या खोक्यावरही ‘लेन्स काढून, १५ मिनिटांनी परत’ एवढे मराठीत लिहायला पाच सेकंद लागतात. मात्र त्याआधी तो तिसरा प्रश्न विचारावा लागेल.