गॅप लपवू नका, एका दुकानाचा एक महिना हाती घ्या

मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं, "सर, २०१४ पर्यंत अकाउंट्समध्ये होते. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण. आता अनुभवाचा दाखला कुठून आणू?"

माझं मत स्पष्ट आहे. दहा वर्षांपूर्वीच्या दाखल्यापेक्षा गेल्या महिन्याचं काम जास्त बोलतं. म्हणून नोकरीचे अर्ज बाजूला ठेवा आणि ओळखीच्या एका दुकानदाराचं एका महिन्याचं बिल-एंट्रीचं काम घरी घ्या.

तुमच्या गॅपमध्ये मोठा बदल एकच झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जमा-नावे तेच आहे, ते तुम्ही विसरलेला नाहीत. नवीन शिकायचं ते एवढंच: बिलावरचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर तपासायचा (महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने), आणि टॅक्स सीजीएसटी-एसजीएसटी आहे की आयजीएसटी, ते बघून एंट्री करायची.

खरी किंमत मात्र पुढच्या कामाला आहे. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं. मालकाच्या पुरवठादारांनी कोणती बिलं दाखवली, ते त्यात दिसतं. तुमची खरेदीची यादी त्याच्याशी ताडून बघा. बिल हातात आहे पण २बी मध्ये नाही, तर त्या टॅक्सचं क्रेडिट मालकाला त्या महिन्यात मिळत नाही. अशा बिलांची यादी त्याला लगेच द्या, म्हणजे तो पुरवठादाराला फोन करेल. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याची ३बी ची मुदत २० तारीख असते. त्यामुळे १४ ते २० हे दिवस तुमचे. त्या आठवड्यात घरी लग्नकार्य असेल तर आधीच सांगा.

आता हिशोब. समजा महिन्याला १५० बिलं, एका बिलाला ३ मिनिटं, म्हणजे साडेसात तास. ताडणीला अडीच तास. एकूण १० तास. तासाला १५० रुपये धरले तर १५०० रुपये. रक्कम लहान वाटेल, पण अशी चार दुकानं म्हणजे महिन्याला ४० तास आणि ६००० रुपये.

पहिला महिना "ओळखीतलं आहे" म्हणून फुकट करू नका. फुकट कामाची नोंद कुठेच राहत नाही. दर कमी लावा, पण बिल द्या आणि पैसे बँकेत घ्या. पुढच्या दुकानदाराला दाखवायचा अनुभव तोच.

एक मर्यादा पाळा. रिटर्न भरणं आणि सल्ला देणं त्यांच्या सीएवर किंवा कर सल्लागारावर सोडा, आणि मालकाचा पासवर्ड-ओटीपी मागू नका. २बी ची फाईल त्यांच्याकडूनच घ्या.

मग सांगा ताई, पहिलं दुकान कोणतं? कमेंटमध्ये लिहा.