प्रश्न कोणाला विचारावा?

२००६ साली एओएलने सुमारे ६.५ लाख लोकांचे शोध संशोधनासाठी खुले केले. नावांच्या जागी केवळ क्रमांक होते. तरीही गाव, आडनाव, आजार यांविषयीचे शोध एकत्र वाचून पत्रकारांनी एका बाईंना ओळखले. माणूस उघडा पडतो तो प्रश्नांच्या मालिकेमुळे. म्हणून शोधयंत्राची निवड प्रश्नागणिक व्हावी, असे मला वाटते. जुन्या ग्रंथातले वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायचे, तर गूगलच बरे. ते स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या आतही पाहते. आजार, कर्ज, घटस्फोट यांविषयी मात्र डकडकगोला विचारावे. शोधांचा इतिहास व्यक्तीशी जोडून साठवत नाही, अशी त्याची ग्वाही आहे. अर्थात, दुव्यावर टिचकी मारल्यावर पुढचे संकेतस्थळ आपली नोंद घेऊ शकतेच.